अग्निसुरक्षा तपासणी अहवालाचा गोषवारा: त्रुटी, मुदती आणि जबाबदार विभाग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे रुग्णालयाच्या फॅसिलिटी प्रमुखासाठी गोषवारा तयार करणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा देखभाल अभियंत्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. उदाहरण सर्वत्र एकच घेतले आहे. महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या हद्दीत तळमजला व सहा मजले असलेले १५० खाटांचे रुग्णालय आहे आणि त्याच्या तपासणी अहवालात ४१ शेरे आहेत. रुग्णालय नमुन्यादाखल कल्पिले असले तरी त्यातील प्रत्येक त्रुटी अशा इमारतींत नेहमी आढळणारी आहे.

मूळ अहवालच विभागांना पाठवला तर वेगळा गोषवारा कशाला हवा?

तपासनीस ज्या क्रमाने इमारतीत फिरतो त्याच क्रमाने अहवाल लिहितो, म्हणजे प्रवेशद्वार, पंपगृह, जिने, मजले आणि शेवटी गच्ची असा. काम करणाऱ्यांची विभागणी मात्र विद्युत, स्थापत्य, भांडार, परिचर्या अशी असते. त्यामुळे मूळ अहवाल सर्वांना पाठवला की प्रत्येक विभाग आपल्या नावाचा उल्लेख शोधतो, तो सापडला नाही की कागद फाइलला लावतो, आणि ज्या शेऱ्यात दोन विभागांचा संबंध येतो तो दोघांच्याही हातून सुटतो. फॅसिलिटी प्रमुखाला तीनच गोष्टी हव्या असतात: नेमके काय बिघडले आहे, ते कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त व्हायला हवे आणि त्याबद्दल उत्तर कोण देणार. या तीन गोष्टी अहवालातून काढताना मूळ अर्थ बदलू न देणे हे या कामातील खरे कसब आहे.

सुरुवात कोठून करावी?

शेरे वाचण्यापूर्वी अहवाल कोणी व कोणत्या अधिकारात दिला आहे ते पाहावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याच्या कलम ६ खाली अग्निशमन अधिकाऱ्याने दिलेली नोटीस, परवानाधारक अभिकर्त्याचा देखभाल अहवाल, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचे टिपण आणि व्यवस्थापनाने स्वतः नेमलेल्या सल्लागाराचा लेखापरीक्षण अहवाल यांची भाषा पुष्कळदा सारखीच असते, वजन मात्र सारखे नसते. नोटिशीतील मुदत ही कायद्याने दिलेली मुदत असते आणि ती वाढवण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो. सल्लागाराने सुचवलेली मुदत व्यवस्थापन कारण नोंदवून बदलू शकते.

आमच्या उदाहरणात अहवाल सल्लागाराचा आहे, परंतु त्याच्या आधारे अग्निशमन विभागाची नोटीसही आलेली असून तिच्यात ४१ पैकी ११ शेरे उचलले आहेत. त्यामुळे गोषवाऱ्यात त्या ११ ओळींपुढे ‘नोटिशीतील’ अशी खूण केली. ही खूण नसेल, तर रंग उडालेल्या दिशादर्शक फलकाची आणि बंद अवस्थेतील पंपाची मुदत एकाच रांगेत बसते.

शेरा आणि त्रुटी यांत फरक काय?

शेरा म्हणजे तपासनिसाने पाहिलेली गोष्ट, तर त्रुटी म्हणजे असायला हवे ते आणि आढळले ते यांमधील अंतर. ‘पंपगृहात एक विद्युत पंप, एक डिझेल पंप व एक जॉकी पंप आहे’ हा शेरा आहे, त्यात त्रुटी काही नाही. ४१ शेऱ्यांपैकी ९ अशा स्वरूपाचे निघाले, म्हणजे ३२ उरले.

याच्या उलट शेरा क्रमांक २७ पाहावा. तो असा आहे: ‘अतिदक्षता विभागात केबल नेण्यासाठी पाडलेली भोके उघडी आहेत, ऑक्सिजनचा विभागीय झडपसंच कपाटामागे झाकलेला आहे आणि दोन धूरशोधकांवर प्लास्टिकची टोपणे आहेत.’ हे एक वाक्य असले तरी त्यात तीन त्रुटी आहेत, तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि त्या दूर करणारे हातही वेगळे आहेत. त्यांना २७-अ, २७-ब, २७-क असे क्रमांक दिले आणि गोषवाऱ्यात एकूण ३४ ओळी झाल्या. मूळ क्रमांक मात्र कोणत्याही परिस्थितीत टिकवावा. पूर्ततेची पाहणी करायला तोच तपासनीस येतो तेव्हा तो आपल्या क्रमांकानेच विचारतो, आणि आपण नवीन क्रमांक लावून ठेवलेले असतील तर पहिला अर्धा तास जुळवाजुळवीतच जातो.

अनेक शेऱ्यांचे मूळ एकच दिसत असेल, तर त्यांची एक ओळ करावी का?

एक ओळ करू नये, त्या एकमेकींशी जोडाव्यात. या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे, कारण सर्वांत महागडी चूक येथेच होते.

आमच्या अहवालात पंपयंत्रणेविषयी चार शेरे आहेत. क्रमांक ११ म्हणतो की मुख्य पंपाचा निवड-खटका ‘ऑटो’वर नसून ‘मॅन्युअल’वर आढळला. क्रमांक १२ म्हणतो की जॉकी पंप दर काही मिनिटांनी सुरू होऊन बंद होतो. क्रमांक १३ म्हणतो की गच्चीवरील हायड्रंटला १.८ किलो प्रति चौरस सेंटीमीटर एवढाच दाब मिळाला. क्रमांक १९ अहवालात पुष्कळ पुढे, चौथ्या मजल्याच्या पाहणीत येतो आणि हायड्रंटची झडप गळत असल्याचे सांगतो.

पहिल्या मसुद्यात लिहिणाऱ्याने क्रमांक १३ चा गोषवारा असा केला होता: ‘मुख्य पंपाची क्षमता अपुरी. नवीन पंप घेणे. मुदत ९० दिवस. विद्युत विभाग.’ अहवालात क्षमतेविषयी एक अक्षरही नव्हते. दाब कमी आढळला एवढीच नोंद होती, आणि कारण लिहिणाऱ्याने आपल्या मनाने जोडले.

प्रत्यक्षात काय घडले होते ते आकडे एकत्र ठेवल्यावर उलगडते. जॉकी पंपाचे काम नळजाळ्यातील लहानसहान गळतीने उतरणारा दाब भरून काढणे एवढेच असते. येथे तो ६ वर सुरू होऊन ७ वर बंद होईल असा लावलेला होता, आणि दाब ५ पर्यंत उतरला की मुख्य पंपाने आपोआप सुरू व्हावे अशी रचना होती. पंपापासून गच्चीवरील हायड्रंटपर्यंतची उंची सुमारे २४ मीटर असल्यामुळे गच्चीवरचा दाब पंपाजवळच्या दाबापेक्षा साधारण २.४ ने कमी असतो. गच्चीवर झडप उघडून पाणी वाहत असताना १.८ मिळाले, याचा अर्थ त्या वेळी पंपाजवळ ४.२ च्या आसपास दाब होता. हा आकडा ५ च्या खाली आहे, म्हणजे मुख्य पंप सुरू व्हायला हवा होता. तो सुरू झाला नाही, कारण खटका मॅन्युअलवर होता. तपासनिसाने मोजला तो बिचाऱ्या एकट्या जॉकी पंपाचा दाब होता.

मग खटका मॅन्युअलवर का ठेवला, हे रात्रपाळीच्या वीजतंत्र्याला विचारल्यावर कळले. चौथ्या मजल्यावरील झडपेच्या गळतीमुळे जॉकी पंप सतत चालूबंद होत असे. एका रात्री तो तापून बंद पडला, दाब ५ च्या खाली गेला आणि मुख्य पंप मोठ्या आवाजात सुरू झाला. तो अशा रचनेत आपोआप बंद होत नाही, पंपगृहात जाऊन हातानेच बंद करावा लागतो. पुन्हा असा प्रसंग नको म्हणून कोणीतरी खटका फिरवून ठेवला आणि तो तसाच राहिला.

खटका ऑटोवर आणून तीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा मुख्य पंप आपोआप सुरू झाला आणि गच्चीवर ३.९ दाब मिळाला. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या अपेक्षेनुसार सर्वांत दूरच्या ठिकाणी किमान ३.५ दाब मिळावा लागतो. म्हणजे नवीन पंपाची गरजच नव्हती. गरज होती ती झडपेच्या आतील झिजलेल्या वॉशरच्या जागी नवा वॉशर बसवण्याची.

असे असूनही चारही ओळी गोषवाऱ्यात स्वतंत्र ठेवाव्यात आणि प्रत्येकीत ‘११, १२, १३ व १९ एकत्र पाहावेत, मूळ १९ मध्ये’ असे लिहावे. त्या एकत्र केल्या तर ‘वॉशर बदलला, त्रुटी बंद’ असा शेरा पडेल आणि खटका पुन्हा ऑटोवर आणला की नाही हे कोणी पाहणार नाही.

मोजमापाचे आकडे गोषवाऱ्यात कसे लिहावेत?

आकडा एकटा लिहू नये. कोठे, कोणत्या स्थितीत आणि कशाच्या तुलनेत, या तीन गोष्टी त्याच्यासोबत असाव्यात. ‘दाब १.८’ असे न लिहिता ‘गच्चीवरील हायड्रंट उघडा असताना, मुख्य पंप सुरू झालेला नसताना १.८, किमान अपेक्षा ३.५’ असे लिहावे. झडप बंद असतानाचा स्थिर दाब आणि पाणी वाहत असतानाचा दाब यांत मोठे अंतर पडते. अहवालात चाचणीची स्थिती लिहिलेली नसेल तर अंदाज न बांधता तपासनिसाला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत त्या रकान्यात ‘स्थिती स्पष्ट नाही, विचारणा केली’ असे लिहून तारीख टाकावी.

‘तातडीने’, ‘शक्य तितक्या लवकर’ अशा मुदती तारखेत कशा बदलाव्यात?

गोषवाऱ्याच्या मुदतीच्या रकान्यात दिनदर्शिकेतील तारखेखेरीज दुसरे काहीही नसावे. ‘तातडीने’ हा शब्द वाचून परिचर्या विभाग आज दुपार समजतो आणि स्थापत्य विभाग पुढची निविदा समजतो. तारीख ठरवली कोणी हे मात्र तिच्याशेजारी दाखवावे. आम्ही तीन प्रकार ठेवले: ‘नोटिशीची’, ‘तपासनिसाची’ आणि ‘आपली’. तपासनिसाने ‘तातडीने’ म्हटले असेल आणि आपण सात दिवस धरले असतील, तर ती तारीख आपली आहे. तिला तपासनिसाची म्हणणे ही चुकीची नोंद होईल.

दिवस मोजताना आणखी एक गोम असते. समजा नोटिशीवर ३ मार्च ही तारीख आहे, ती आवक शाखेत ७ मार्चला आली आणि तिच्यात ‘३० दिवसांत’ असे म्हटले आहे. नोटिशीच्या तारखेपासून मोजले तर मुदत २ एप्रिलला संपते, मिळाल्यापासून मोजले तर ६ एप्रिलला. नोटिशीत ‘प्राप्त झाल्यापासून’ असे स्पष्ट शब्द नसतील तर अलीकडची, म्हणजे २ एप्रिल ही तारीख धरावी आणि आवक शिक्क्याची छायाप्रत फाइलमध्ये ठेवावी. चार दिवसांच्या वादात जिंकण्यापेक्षा चार दिवस आधी काम संपवणे सोपे असते.

अंतिम तारखेपासून मागे मोजण्याचीही सवय ठेवावी. अग्निरोधक दरवाजे बदलायचे असतील तर मोजमाप, दरपत्रके, मंजुरी, निर्मिती आणि बसवणी एवढे टप्पे येतात. अशा ओळीत अंतिम तारखेबरोबरच ‘खरेदी आदेश या तारखेपर्यंत’ अशी एकच मधली तारीख द्यावी. ती चुकली की अंतिम तारीख चुकणार हे प्रमुखाला महिनाभर आधी दिसते. सर्व टप्प्यांच्या तारखा देऊ नयेत, ते विभागाच्या नियोजनाचे काम आहे.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर मधल्या काळात काय व्यवस्था करावी हेही गोषवाऱ्यात यावे का?

होय, आणि माझ्या मते हा रकाना मुदतीच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आहे, जरी मूळ अहवालात तो बहुधा नसतो. चौथ्या मजल्यावरील झडप दुरुस्त करण्यासाठी त्या उभ्या नळातील पाणी काढावे लागते, म्हणजे काही तास त्या जिन्यालगतचा एकही हायड्रंट चालत नाही. त्रुटी दूर करण्याचे कामच काही काळ धोका वाढवते. म्हणून त्या ओळीत असे लिहिले: ‘काम दिवसपाळीत, सुरक्षा विभागाला पूर्वसूचना देऊन. काम चालू असताना प्रत्येक मजल्यावर दोन जादा अग्निशामक आणि फिरता पहारा. काम संपल्यावर झडपा उघड्या व खटका ऑटोवर असल्याची दोघांनी सही करून नोंद.’

हाच नियम अग्निशामक पुनर्भरणाला नेतानाही लागू पडतो. संपूर्ण मजल्याचे सिलिंडर एकाच टेम्पोतून पाठवले आणि भिंतीवर नुसते हुक राहिले, असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. पुरवठादाराकडून बदली सिलिंडर आल्याशिवाय जुने हलवू नयेत, असे त्या ओळीत स्पष्ट लिहावे.

जबाबदार विभाग कसा ठरवावा? दोन विभागांचा संबंध असेल तर दोन्ही नावे लिहावीत का?

जबाबदार म्हणून एकच विभाग लिहावा. दुसरा असेल तर ‘साहाय्य’ या वेगळ्या रकान्यात लिहावा. ‘विद्युत / स्थापत्य’ अशी तिरकी रेघ काढली की काम त्या रेघेवरच थांबते.

विभाग ठरवताना वस्तू कोणाची आहे हे न पाहता, त्रुटी पुन्हा होऊ न देणे कोणाच्या हातात आहे हे पाहावे. शेरा २७-अ मधील केबलची भोके याचे चांगले उदाहरण आहे. भिंत स्थापत्य विभागाची आहे, म्हणून पहिल्या मसुद्यात त्याचेच नाव होते. परंतु भोके पाडली होती ती संगणक जाळ्याचे केबल टाकणाऱ्या ठेकेदाराने, आणि त्याला माहिती तंत्रज्ञान विभागाने बोलावले होते. स्थापत्य विभाग अग्निरोधक लेप भरून देईल आणि पुढच्या महिन्यात नवीन केबलसाठी तीच भिंत पुन्हा फोडली जाईल. म्हणून जबाबदार विभाग माहिती तंत्रज्ञान, साहाय्य स्थापत्य आणि पूर्ततेची अट अशी ठेवली की भोके बुजवल्याच्या छायाचित्राबरोबरच, भोक पाडण्यापूर्वी घ्यायच्या परवान्याचा नमुनाही ठेकेदाराच्या कामाच्या आदेशाला जोडलेला असावा. उघड्या भोकांतून धूर एका कक्षातून दुसऱ्यात जातो, आणि जेथे रुग्णांना उचलून न्यावे लागते तेथे ज्वाळांच्या आधी धूरच जीव घेतो.

२७-ब मधील ऑक्सिजनच्या झडपसंचाचे उत्तर वेगळे आले. तो वैद्यकीय वायू यंत्रणेचा भाग असला तरी त्याच्यासमोर कपाट ठेवले होते परिचर्या विभागाने, आणि आगीच्या वेळी तो बंद करण्याचा निर्णयही कक्षातील प्रभारी डॉक्टर व परिचारिकांनाच घ्यावा लागतो, कारण त्यावर किती रुग्ण आहेत हे त्यांनाच ठाऊक असते. त्यामुळे जबाबदारी परिचर्या विभागाकडे गेली. २७-क मधील टोपणे रंगकामाच्या वेळी लावून काढायची राहिली होती. ती काढणे पाच मिनिटांचे काम होते, पण त्यानंतर ते दोन धूरशोधक धुराने तपासून पॅनेलवर इशारा येतो हे पाहणे विद्युत विभागाकडे दिले.

विभागाचे नाव लिहिले म्हणजे कायद्यातील जबाबदारी त्याच्याकडे गेली असा समज मात्र करून घेऊ नये. अधिनियमानुसार उपाययोजना करणे व त्या चालू स्थितीत ठेवणे हे कर्तव्य इमारतीच्या मालकाचे किंवा भोगवटादाराचे आहे. गोषवाऱ्यातील ‘जबाबदार’ हा शब्द अंतर्गत कामवाटपापुरता आहे, आणि ही गोष्ट गोषवाऱ्याच्या तळाशी एका वाक्यात लिहून ठेवलेली बरी.

जिन्यात ठेवलेले जुने सामान दरवेळी अहवालात येते. ते एका दिवसाचे काम असूनही का सुटत नाही?

कारण ते एका दिवसाचे काम नसते. दुसऱ्या जिन्याच्या विसाव्यावर मोडक्या खाटा आणि सलाईनचे स्टँड पडलेले होते. साफसफाई विभागाला ‘सात दिवसांत हटवा’ असे सांगितले की ते सामान तिसऱ्या जिन्यात जाते, आणि पुढच्या अहवालात फक्त जिन्याचा क्रमांक बदलतो. त्या खाटा डेड स्टॉक नोंदवहीत असतात. निर्लेखन समितीची बैठक होऊन मंजुरी मिळेपर्यंत त्या भंगारात काढता येत नाहीत, आणि भांडारात जागा नसते.

म्हणून येथे शेऱ्याच्या दोन ओळी केल्या. पहिली: जिना मोकळा करून सामान तळमजल्यावरील कुलूपबंद खोलीत हलवणे, मुदत दोन दिवस, साफसफाई विभाग. दुसरी: त्या सामानाचे निर्लेखन, मुदत समितीच्या पुढील बैठकीची तारीख, भांडार विभाग. आधी सांगितलेल्या ३४ ओळींत ही फोड धरलेली नव्हती, ती धरून ३५ झाल्या. मागील अहवालातही हाच शेरा असेल तर ‘पुनरावृत्ती’ अशी खूण करावी. प्रमुखाचे लक्ष वेधणारी याहून नेमकी खूण दुसरी नाही.

अग्रक्रम ठरवण्यासाठी किती श्रेणी असाव्यात?

तीन पुरेत. पहिल्या श्रेणीत त्या त्रुटी येतात ज्यांच्यामुळे आज आग लागली तर इशारा मिळणार नाही, पाणी मिळणार नाही किंवा माणसे बाहेर पडू शकणार नाहीत. बंद धूरशोधक, मॅन्युअलवरचा पंप आणि कुलूप लावलेला सुटकेचा दरवाजा या त्या त्रुटी. त्यांची मुदत दिवसांत नसून तासांत मोजावी. दुसऱ्या श्रेणीत यंत्रणा चालते पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही अशा, आणि तिसऱ्या श्रेणीत फलक, नोंदवह्या व कागदपत्रे.

तपासनिसाने स्वतःची श्रेणी दिली असेल तर ती खाली उतरवू नये. आपले मत वेगळे असेल तर शेजारच्या रकान्यात लिहावे. श्रेणी वर चढवायला मात्र हरकत नाही. आमच्या अहवालात क्रमांक १९, म्हणजे गळकी झडप, ‘किरकोळ’ म्हणून नोंदवली होती. पंपाच्या खटक्याचे मूळ तेथे असल्याचे कळल्यावर ती दुसऱ्या श्रेणीत घेतली आणि कारण लिहिले.

जीवाला तात्काळ धोका असल्याचे अग्निशमन अधिकाऱ्याला वाटल्यास इमारत रिकामी करण्याचे किंवा तिचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचे निर्देश देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे. चालू रुग्णालयाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली. तेव्हापासून अतिदक्षता विभागासंबंधीचा कोणताही शेरा आम्ही तिसऱ्या श्रेणीत ठेवत नाही.

एखादी त्रुटी विभागाला मान्य नसेल तर?

ती ओळ गाळू नये. ‘विभागाचे म्हणणे’ असा रकाना करून दोन वाक्यांत कारण घ्यावे आणि आधार मागावा. आमच्याकडे विद्युत विभागाचे म्हणणे होते की पॅनेलवर बंद ठेवलेला झोन स्वयंपाकघराचा असून तेथे वाफेमुळे सतत खोटे इशारे येतात. म्हणणे खरे होते, परंतु उपाय झोन बंद ठेवणे हा नसून तेथील धूरशोधकांच्या जागी उष्णताशोधक बसवणे हा आहे. ते बसेपर्यंत झोन बंद असल्याची नोंद सुरक्षा विभागाकडे असणे आणि तेथे माणूस नेमणे आवश्यक ठरते. तपासनिसाने मत बदलेपर्यंत किंवा लेखी कळवेपर्यंत त्रुटी उघडीच राहते.

त्रुटी ‘बंद’ कधी समजावी?

‘काम झाले’ असे विभागाने कळवल्यावर नाही. पुरावा मिळाल्यावर आणि काम न केलेल्या दुसऱ्या व्यक्तीने तो पाहिल्यावर. पुराव्याचे स्वरूप त्रुटी लिहितानाच ठरवावे, नाहीतर शेवटी सगळीकडे छायाचित्रेच येतात. छायाचित्र मोकळा जिना दाखवू शकते, पण खटका ऑटोवर असल्याचे छायाचित्र पंप सुरू होतो हे सिद्ध करत नाही. क्रमांक १३ साठी पुरावा असा ठरवला: गच्चीवरील हायड्रंट उघडून दाब उतरल्यावर मुख्य पंप कोणी हात न लावता सुरू होणे, आणि दाबाची नोंद तारीख, वेळ व दोन सह्यांसह पंपगृहाच्या नोंदवहीत असणे.

फॉर्म बी चा या गोषवाऱ्याशी काय संबंध?

यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकर्त्याचे प्रमाणपत्र, म्हणजेच रोजच्या बोलण्यातला फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. तपासणी अहवालात पंप मॅन्युअलवर असल्याची नोंद मार्चमध्ये आहे, ती बंद झाल्याचा पुरावा कोठेच नाही आणि जुलैत फॉर्म बी मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो, असे दोन कागद एकाच फाइलमध्ये सापडले तर प्रश्न विभागाला न विचारता व्यवस्थापनाला विचारला जातो. त्यामुळे यंत्रणेशी संबंधित पहिल्या व दुसऱ्या श्रेणीच्या ओळींची शेवटची तारीख जूनच्या अखेरीपलीकडे जाऊ दिली नाही, आणि अभिकर्त्याला गोषवाऱ्याची प्रत देऊन त्याची पोच घेतली.

प्रत्यक्ष ओळ कशी दिसते? गोषवारा किती मोठा असावा?

पहिले पान प्रमुखासाठी: पहिल्या श्रेणीच्या सर्व ओळी, नोटिशीतील ११ ओळींची स्थिती, आणि ज्यासाठी प्रमुखाची मंजुरी किंवा निधी लागणार आहे तेवढ्याच बाबी. त्यानंतर विभागवार पाने, म्हणजे प्रत्येक विभागाला आपले एकच पान हाती देता येईल. आमचा गोषवारा एकूण सहा पानांत बसला. त्यातील एक ओळ नमुन्यादाखल पूर्ण देत आहे.

| रकाना | नोंद |
|---|---|
| मूळ क्रमांक | १९ (११, १२ व १३ सह पाहावा) |
| त्रुटी | चौथा मजला, जिना १ लगतची हायड्रंट झडप बंद असताना गळते. त्यामुळे जॉकी पंप वारंवार चालतो. |
| श्रेणी | तपासनिसाची ‘किरकोळ’, आपली दुसरी |
| मुदत | १४ मार्च (आपली) |
| जबाबदार विभाग | देखभाल (प्लंबिंग) |
| साहाय्य | विद्युत, सुरक्षा |
| तोवरची व्यवस्था | खटका ऑटोवरच. जॉकी पंपाची दर पाळीला पाहणी व नोंद. |
| पूर्ततेचा पुरावा | दुरुस्तीनंतर २४ तासांत जॉकी पंप किती वेळा सुरू झाला याची नोंद, आधीच्या नोंदीशेजारी |

शेवटचा रकाना लिहिताना देखभाल विभागाने विचारले होते की झडप कोरडी दिसते एवढे पुरेसे नाही का. त्या आठवड्यात ती झडप कोरडी झाली, तरी जॉकी पंप दर तासाला दोनदा चालत राहिला, आणि शोध घेतल्यावर तळमजल्याच्या वाहनतळातील जमिनीखालच्या जोडातून दुसरी गळती निघाली. ती अहवालात नव्हती. तिला ‘आपली नोंद १’ असा क्रमांक देऊन ओळ वाढवली आणि क्रमांक १२ उघडाच ठेवला.